वितरक नियुक्तीपत्र : पंढरपूर, सांगोला व मंगळवेढा तालुके

कोल्हापूर, १६ मार्च २०२६

मा. प्रोप्रायटर, पंढरपूर
यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या भेटीत ठरल्याप्रमाणे आमच्या कांदा-लसूण मसाला व मिरची पूड या मालासाठी वरील तीन तालुक्यांचे वितरक म्हणून आपली १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी नियुक्ती करीत आहोत.

हक्क. या तालुक्यांत किराणा दुकाने, हॉटेले व खानावळींसाठी कंपनी दुसरा वितरक नेमणार नाही. मॉल व ऑनलाइन विक्री मात्र कंपनी थेट करील. आपण इतर कंपन्यांचा किराणा माल ठेवू शकता, दुसरा कांदा-लसूण मसाला नाही. हद्दीबाहेर माल टाकू नये. प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर आपल्या बिलावर असतो, त्यामुळे माल कुठून आला ते लगेच कळते. पहिल्या वेळी लेखी समज, दुसऱ्या वेळी त्या तिमाहीचा बोनस रद्द.

टार्गेट. वर्षाचे ६० लाख रुपये, तेही दुकानांना गेलेल्या मालावर. कंपनीकडून उचललेला माल यात धरला जाणार नाही. महिनाअखेरीस गोदाम भरून आकडा गाठला, की सहा महिन्यांनी तोच माल मुदत संपायला आल्यावर परत येतो. एप्रिल ते जून घरोघरी वर्षाचा मसाला होतो, म्हणून दरमहा ४ लाख. जुलैत आषाढी वारी, ७ लाख. नोव्हेंबरात कार्तिकी, ६ लाख. उरलेले सात महिने ५-५ लाख. वारीचा माल किमान २० दिवस आधी गोदामात हवा. गर्दी सुरू झाली की टेम्पो गावात शिरत नाही.

मार्जिन. आपल्याला खरेदीवर ६ टक्के, दुकानदाराला त्याच्या खरेदीवर १५ टक्के. म्हणजे १०० रुपये छापील किमतीचे पाकीट दुकानदाराला ८६.९६ रुपयांना व आपल्याला ८२.०४ रुपयांना, जीएसटी धरून. तिमाहीचे टार्गेट पूर्ण झाल्यास आपल्या खरेदीवर आणखी १ टक्का क्रेडिट नोटने. स्कीमची पाकिटे दुकानापर्यंत पोचलीच पाहिजेत. आमचा प्रतिनिधी दुकानांत जाऊन पडताळणी करील.

पैसे व साठा. डिपॉझिट १ लाख, बिनव्याजी. उधारी बिलाच्या तारखेपासून ७ दिवस. थकबाकी असताना पुढची गाडी निघणार नाही. १५ दिवसांचा साठा कायम हवा. फाटलेली पाकिटे महिन्याच्या खरेदीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत बदलून मिळतील. ओल लागलेली नाहीत. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावे. अन्न परवान्याची प्रत पहिल्या ऑर्डरसोबत द्यावी.

अहवाल. दर सोमवारी दुपारी १२ पर्यंत दुकानवार विक्री व बॅचवार शिल्लक. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत स्कीमचे क्लेम, बिलांच्या प्रतींसह. १० तारखेनंतर आलेला क्लेम धरला जाणार नाही. ज्या मालाची मुदत ९० दिवसांत संपते त्याची वेगळी यादी द्यावी. यादीत नसलेला मुदतबाह्य माल परत घेतला जाणार नाही.

सलग तीन महिने टार्गेटच्या ८० टक्क्यांखाली विक्री राहिल्यास कंपनी सांगोला वा मंगळवेढा तालुका वेगळा काढू शकेल. करार कोणत्याही बाजूने ६० दिवसांच्या लेखी नोटिशीने संपेल. तेव्हा ९० दिवसांहून अधिक मुदतीचा सीलबंद माल खरेदीदराने परत घेऊ व हिशेब पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत डिपॉझिट देऊ. वाद कोल्हापूर न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात.

मान्य असल्यास दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का करून २५ मार्चपर्यंत डिपॉझिटच्या चेकसह पाठवावी.

आपला,
विक्री व्यवस्थापक