चोखोबांच्या अस्थी : वैशाख वद्य पंचमीचे कीर्तन

(टाळ-मृदंगाच्या गजरात नमन. नंतर ध्रुवपद दोनदा म्हणावे आणि श्रोत्यांकडून म्हणवून घ्यावे.)

शांत होई मना । लावी येथे कान ।
नामाचेच गान । आत चाले ॥

श्रोतेहो, आज चोखोबांची पुण्यतिथी. कान लावायला सांगणारे हे ध्रुवपद आपण त्यांच्याच चरित्राच्या आधाराने म्हणणार आहोत, कारण कान नेमका कोठे लावायचा, हे त्या चरित्राइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगितलेले नाही. देवळाच्या गाभाऱ्याशी कान लावणे सोपे असते; परंतु ज्यांना त्या गाभाऱ्याची वाटच बंद होती, त्यांच्या घरात सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा अशी सारी माणसे अभंग रचत होती, आणि घरचा कर्ता चोखोबा महाद्वाराबाहेर उभा राहून आतल्या विठ्ठलाला हाक मारीत होता.

तो चोखोबा मंगळवेढ्याला राहत असे. गावाचे कुसू बांधायचे निघाले तेव्हा महार म्हणून तोही वेठीला धरला गेला. उन्हात दगड वाहायचे, चिखल कालवायचा, उंच चढलेल्या भिंतीखाली दिवसभर वाकून राबायचे, असे ते काम होते.

माती वाहे डोई । दगड खांद्याला ।
विसर ना त्याला । विठोबाचा ॥

(ध्रुवपद : शांत होई मना । लावी येथे कान...)

येथे कान लावायचा तो घामाने भिजलेल्या खांद्याला. मुकादमाला त्या खांद्यावरचा दगड तेवढा दिसत होता. दगडाखाली चाललेले भजन ऐकायला तो कधी थांबला नाही. आणि एके दिवशी ते कुसू ढासळले. शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८ मधली ही गोष्ट, असे परंपरा सांगते. भिंतीखाली राबणारे मजूर जागच्या जागी गाडले गेले, आणि त्यांच्यात चोखोबाही होता.

भिंत कोसळली । देह झाला चूर ।
नामाचा तो सूर । मोडेचिना ॥

ही वार्ता पंढरपुरी नामदेवांच्या कानी गेली. नामदेव चोखोबांचे गुरू. शिष्याच्या अस्थी विठोबाच्या दारी आणायच्या, या एकाच निश्चयाने ते सुमारे २५ किलोमीटरांची वाट तुडवीत मंगळवेढ्यास आले. ढिगारा उपसला गेला तोवर देहांची माती झाली होती आणि उरली होती ती एकमेकांत मिसळलेली हाडे. जवळच्या माणसाने विचारले, “महाराज, एवढ्या हाडांत तुमचा माणूस ओळखणार कसा?” नामदेव काही न बोलता खाली बसले. त्यांनी एक हाड उचलले, कानाशी धरले, हलकेच बाजूला ठेवले. दुसरे उचलले, तेही कानाशी धरले. असे करता करता एका हाडातून “विठ्ठल, विठ्ठल” असा ध्वनी आला.

(येथे मृदंग थांबवावा. ध्रुवपद केवळ टाळांवर, अगदी मंद म्हणावे.)

शांत होई मना । लावी येथे कान ।
नामाचेच गान । आत चाले ॥

माय-बाप, या प्रसंगापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. चोखोबांबरोबर जे दुसरे मजूर गेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या घरी कोण रडले, हेही आपल्याला कळत नाही. पण चोखोबा सापडावा म्हणून नामदेवांना त्या अनामिकांचे हाडन् हाड उचलावे लागले, आणि जन्मभर ज्यांचे बोलणे कोणी ऐकून घेतले नव्हते, त्यांच्यापैकी प्रत्येकाला त्या दिवशी एका संताचा कान लाभला. ज्या हाडांतून नाम ऐकू आले नाही, तीही नामदेवांनी फेकली नाहीत, असेच माझे मन मला सांगते.

अस्थी वेचुनिया । नामा धरी उरी ।
चालला पंढरी । डोळे ओले ॥

(ध्रुवपद आता मृदंगासह, चढत्या लयीत.)

पंढरपुरी महाद्वारासमोर त्या अस्थींना समाधी दिली गेली आणि पुढे नामदेवांची पायरीही तेथेच झाली. गुरू-शिष्य समोरासमोर आले, तरी चोखोबांच्या जातभाईंना आतली वाट त्यानंतरही शतकानुशतके मिळाली नाही. ती मिळावी म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना त्याच पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले आणि त्यानंतर मंदिर सर्वांना खुले झाले. समाधी आजही दाराबाहेरच आहे. पंढरीला जाल तेव्हा दर्शनाच्या घाईत ती ओलांडून पुढे जाऊ नका; तेथे वाका, कान लावा, आणि मग आत जा.

आता उभे राहून, टाळी वाजवून, सर्वांनी म्हणावे :

शांत होई मना । लावी येथे कान ।
नामाचेच गान । आत चाले ॥

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय! संत चोखामेळा महाराज की जय!