क्रिएटिव्ह ब्रीफ: लाकडी घाण्याच्या शेंगतेलासाठी तीन छोट्या फिल्म

सप्रेम नमस्कार,

परवा फोनवर बोललो ते सगळं एका पानात लिहून देतो आहे. लिहायला बसाल तेव्हा हे पान समोर ठेवा. याबाहेरचं काही लागलं तर थेट मला फोन करा.

आम्ही काय करतो

कराडला आमचा लाकडी घाणा आहे. एका घाण्याला पंधरा किलो शेंगदाणे लागतात, पाऊण ते एक तास जातो आणि साधारण सहा लिटर तेल निघतं. म्हणजे एका लिटरमागे अडीच किलो दाणे. तेल स्टीलच्या टाकीत दोन दिवस निवळू देतो, वरचं नितळ तेल बाटल्यांत भरतो. याखेरीज त्यावर काहीही करत नाही. घाणा मोटारीवर चालतो, म्हणून बैल दाखवू नका. आमच्याकडे बैल नाही आणि नसलेली गोष्ट दाखवून मला तेल विकायचं नाही.

फिल्म कशासाठी हव्यात

आज पुण्याला महिन्याला चाळीस लिटर तेल जातं. दिवाळीच्या महिन्यापर्यंत ते एकशेवीसवर न्यायचं आहे. एवढं एकच उद्दिष्ट आहे. नाव गाजणं, फॉलोअर वाढणं यासाठी हा खर्च नाही. फिल्म बघून माणसाने आमच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर ‘शेंगतेल’ एवढा शब्द पाठवावा, असा शेवट तिन्ही फिल्मना हवा. किती मेसेज आले आणि त्यांतल्या कितींनी तेल मागवलं, ते मी वहीत मांडणार आहे. फिल्म चालली की नाही, ते त्यावरूनच ठरवू.

कोणासाठी

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये राहणारी, पण मूळची सातारा-सांगलीकडची कुटुंबं. वय साधारण पस्तीस ते साठ. माझा अनुभव असा की ऑर्डर बहुतेक वेळा सून देते आणि तेल चांगलं की वाईट ते सासूबाई ठरवतात. सुनेला किंमत दिसते, सासूबाईंना वास आठवतो. दोघींनाही पटेल असं लिहा, पण दोघींचं भांडण लावून नको. जाहिरातींत सासू-सुनेला फार वेळा तसंच दाखवतात आणि आमच्या गिऱ्हाइकांच्या घरात मला ते दिसत नाही.

जिमला जाणारी तरुण मुलं, डाएटवाले, परदेशातली मंडळी या वेळी सोडून द्या. सगळ्यांसाठी लिहिलेलं कोणालाच आपलं वाटत नाही.

सांगायचं काय

मागच्या वर्षी पुण्याच्या एका ताईंनी बाटलीच्या तळाचा फोटो पाठवला. खाली बोटभर फिकट तपकिरी थर बसला होता. ‘भेसळ आहे का?’ एवढंच लिहिलं होतं. मी फोन केला आणि सांगितलं, ताई, तो दाण्याचा गाळ आहे. तेल नुसतं दाबून काढलेलं असलं की राहिलेला बारीक कण हळूहळू तळाला बसतो. बाटली न हलवता वरचं तेल ओतून घ्या. तळाशी राहील ते चटणीत घाला. त्या पाच मिनिटं ऐकत होत्या. आता दर महिन्याला पाच लिटरचा डबा नेतात.

माझ्या मते हीच मुख्य फिल्म आहे. साठ सेकंद, बाटलीच्या तळापासून सुरुवात.

दुसरी फिल्म तीस सेकंदांची, किमतीवर. आमचं तेल लिटरला ३८० रुपये आहे, पिशवीतल्या तेलाच्या दुपटीहून जास्त. ही गोष्ट लपवू नका, पहिल्याच वाक्यात सांगा. दाणे आज १४० रुपये किलो पडतात, म्हणजे लिटरमागे दाण्यांचेच ३५० झाले. पेंड विकून ६५-७० परत येतात. मजुरी, वीज, बाटली यांना ५५ जातात. उरतात ते चाळीसेक रुपये आमचे. हा हिशेब फिल्ममध्ये तसाच बोलून दाखवला तरी माझी हरकत नाही. समोर अडीच किलो दाण्यांची रास आणि शेजारी एक बाटली, इतकं दृश्य मला पुरेसं वाटतं.

तिसरी, तीस सेकंद, दिवाळीची. चकलीचा घाणा, कढई, घरभर पसरलेला वास. इथे तुम्हाला मोकळीक आहे.

बोलण्याचा सूर

दुकानाच्या फळीपाशी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला समजावून सांगतो, तसा. शांत, आदराने, ‘तुम्ही’ म्हणत. भाषा कराडची असू द्या, पण गावाकडचा माणूस म्हणजे हसवणारं पात्र असं करू नका. माझ्या घाण्यावरचे मामा बावीस वर्षं हे काम करतात. खरखर आवाज ओला झाला की तेल सुटायला लागलं, हे ते पाठमोरे उभे राहून ओळखतात. त्यांना बघून कोणाला हसू यावं असं एकही वाक्य मला नको. त्यांचा मान राहिलाच पाहिजे.

काय लिहायचं नाही

कोलेस्टेरॉल, हृदय, मधुमेह, सांधेदुखी हे शब्दच नकोत. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांबद्दलचे २०१८चे नियम आहेत. पण नियम नसता तरी मी ते लिहू दिलं नसतं. घरी आईला मधुमेह आहे, उगाच आशा लावणं काय असतं ते मी पाहिलंय.

दुसऱ्या कुठल्या तेलाला विष म्हणायचं नाही, कंपनीचं नाव घ्यायचं नाही, तसला डबा मागे दिसायलाही नको. सिनेमातलं गाणं वापरायचं नाही, कारण हक्कांचे पैसे आपल्याकडे नाहीत. घाण्याचा आवाजच ठेवू.

पैसे आणि वेळ

एकूण ९०,००० रुपये आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही. त्यात तुमचे तीन स्क्रिप्टचे १८,०००, दोन दुरुस्त्या धरून. निम्मे कामाला हो म्हणताच, निम्मे शेवटची स्क्रिप्ट हातात आल्यावर त्याच दिवशी. दीड दिवसाचं शूटिंग आणि साउंड ३५,०००, एडिटिंग १५,०००, आवाज ५,०००, पुण्यात फिल्म दाखवायला १२,०००. पाच हजार अडीअडचणीला बाजूला ठेवलेत. म्हणून लिहितानाच जागा दोनच धरा: घाणा आणि आमचं स्वयंपाकघर. नट नाहीत. मामा, माझी आई, बायको आणि मी, एवढीच माणसं. आईला पाठ केलेलं बोलता येत नाही, तिला वाक्यं न देता काम द्या: चटणी कुटणं, कढईत तेल ओतणं.

पहिला खर्डा मला १५ जुलैपर्यंत, शेवटचा ३१ जुलैपर्यंत हवा. शूटिंग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. गाळाची आणि किमतीची फिल्म गणपतीच्या आठ दिवस आधी, चकलीची दसऱ्याला. मंजुरी मी एकटा देईन, दहा जणांचे दहा बदल तुमच्याकडे येणार नाहीत.

लिहायला घेण्याआधी एकदा कराडला या. सकाळी सातला पहिला घाणा लागतो, आठच्या आत तेल उतरतं. तेव्हा मामांच्या शेजारी उभे राहा. जेवायला आमच्याकडेच, येताना मुक्कामाच्या तयारीने या.