विम्याच्या हप्त्याची आठवण

नमस्कार काका,

‘तात्काळ भरा, अन्यथा पॉलिसी बंद’ असा एसेमेस तुम्हाला आला असेल. घाबरू नका, तो मशीनवरून सगळ्यांना जातो. नेमकं काय आहे ते लिहितो.

तुमचा वार्षिक हप्ता २६,३५० रुपयांचा, तारीख १२ जुलै. हप्ता वार्षिक असल्यामुळे पुढे ३० दिवसांची सवलत आहे, म्हणजे ११ ऑगस्टपर्यंत. तोवर व्याज नाही, दंड नाही आणि विमा पूर्ण चालू. या दिवसांत देव न करो काही झालंच, तरी थकलेला हप्ता वजा करून घरच्यांना रक्कम मिळते. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते. होडी पाण्यात गेल्यावर भरलात तरी चालेल. फक्त शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पावसात मालवणात नेट कधी जाईल सांगता येत नाही.

११ ऑगस्ट उलटला तर? भरलेले पैसे बुडत नाहीत. २० पैकी ६ हप्ते भरलेत, त्यामुळे ५ लाखांचं संरक्षण त्याच प्रमाणात घटून दीड लाखावर येतं. खरं नुकसान हेच, काकूंच्या हातात येणारी रक्कम कमी होते. पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून ५ वर्षांत पॉलिसी पुन्हा चालू करता येते. पण व्याजासह थकबाकी आणि तब्येतीचं निवेदन द्यावं लागतं, कंपनीने सांगितलं तर तपासणीही.

रक्कम एकदम जमत नसेल तर आधी सांगा. पुढच्या वर्षापासून सहामाही हप्ता करून घेऊ. पैसे भरल्यावर पावती मात्र जपून ठेवा.

तुमचा विमा प्रतिनिधी, मालवण