दादर–मालवण–कोल्हापूर–दादर : आठवड्याचा बेत

गाडी डिझेलची, माणसं पाच. गाडी दादा आणि वहिनी आलटून पालटून चालवतील. दर दोन तासांनी थांबायचंच. आईच्या गुडघ्यांना ते लागतं आणि चालवणाऱ्यालाही. दिवसाला एकाने जास्तीत जास्त चार तास चालवायचं. अंधार पडल्यावर गाडी हलवायची नाही, मुक्काम वीस किलोमीटरवर असला तरी.

निघण्याच्या चार दिवस आधी गॅरेजला : ब्रेक, कूलंट, इंजिन ऑइल, बॅटरी, वायपर. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनीतली हवा कुणी बघत नाही, ती आधी बघा. जॅक, पाना, आरसी, विमा, पीयूसी गाडीत. फास्टॅग आदल्या रात्री भरायचा.

रविवार : पहाटे ५ ला निघून चिपळूण, सुमारे २५० किमी. डिझेलची टाकी शनिवारीच फुल्ल. न्याहारी पेणच्या पुढे. माणगावला गाडी तुंबते, तिथून नऊच्या आत निघालो तर दिवस आपला.

सोमवार : गणपतीपुळे, साधारण १०५ किमी. निवळी फाट्याला उजवीकडे. आरामाचा दिवस.

मंगळवार : हातखंबा, राजापूर, कणकवली, कसाल, मालवण. सुमारे १८० किमी. टाकी अर्धी दिसली की कणकवलीत भरायची, मालवणपर्यंत ताणायचं नाही.

बुधवार : गाडीला सुट्टी. होडीने सिंधुदुर्ग किल्ला. संध्याकाळी टायरची हवा आणि कूलंट मी बघेन, इंजिन गार असतानाच.

गुरुवार : सावंतवाडी, आंबोली, आजरामार्गे कोल्हापूर, सुमारे १९० किमी. फोंडा घाटाने अंतर वाचतं, पण आंबोलीला वर चहा-जेवणाची सोय आहे, आईसाठी तेच बरं. सावंतवाडीत डिझेल. धुकं असेल तर दहापर्यंत घाटाखालीच थांबू, डिपर लावून हळू जाण्यात शहाणपण नाही. अंबाबाईचं दर्शन त्याच संध्याकाळी, कारण शुक्रवार देवीचा वार, रांग फार लांबते.

शुक्रवार : सातारा, १२० किमी. दुपारी हवा, ऑइल, ब्रेकचा आवाज तपासायचा. टाकी फुल्ल.

शनिवार : सकाळी ६ ला सातारा सोडायचं, सुमारे २५५ किमी. खंबाटकीला आपल्या बाजूचा बोगदा आहे. खंडाळ्याचा उतार तिसऱ्या गिअरमध्ये; सारखा ब्रेक दाबून धरला तर तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. एक्सप्रेसवेवर १०० च्या वर काटा जाता कामा नये, वहिनी, हे तुमच्यासाठीही. शनिवारची गर्दी मुंबईबाहेर निघालेली असेल, आपण उलटे येतोय, म्हणूनच रविवारी निघायचं ठरवलं.

मुक्कामाच्या पाचही ठिकाणी गाडी आवारात लावता येते का, हे काका उद्या फोनवर विचारतील. अडचण आली तर ११२, महामार्गावर १०३३. दोन्ही नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवेत, आईच्याही.