सामूहिक अत्याचारांच्या वेळी नकाराधिकाराला लगाम हवा

अध्यक्ष महोदया, परीक्षक आणि मित्रांनो,

एप्रिल २०१४ मध्ये न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेच्या सदस्यांना काही छायाचित्रं दाखवली गेली. सीरियातल्या कोठड्यांत मेलेल्या कैद्यांची. हाडांना चिकटलेली कातडी, मारहाणीचे वळ, आणि नावाच्या जागी नुसता क्रमांक. लष्करी पोलिसांकडच्याच एका छायाचित्रकाराने ती देशाबाहेर काढली होती. पुढच्याच महिन्यात, २२ मे रोजी, सीरियाचं प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवण्याचा ठराव मतदानाला आला. बाजूने तेरा, विरोधात दोन. तरी ठराव पडला, कारण ते दोन देश रशिया आणि चीन होते: परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी दोन, आणि त्या पाचांतल्या एकाचाही नकार ठराव पाडतो.

हे पाप एकाच गटाचं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला गाझातल्या युद्धविरामाचा ठराव आला. तेरा देश बाजूने, ब्रिटन तटस्थ. विरोधात एकच हात वर गेला, अमेरिकेचा, आणि विषय तिथेच मिटला.

नकाराधिकार रद्द करा, असं आम्ही म्हणत नाही. संयुक्त राष्ट्रांची सनद बदलायलाही याच पाच देशांची संमती लागते, त्यामुळे त्या वाटेने जाण्यात अर्थ नाही. आमची मागणी एवढीच, की वंशसंहार, मानवतेविरोधी गुन्हे किंवा मोठ्या प्रमाणावर युद्धगुन्हे घडत असताना, ते रोखणाऱ्या ठरावावर हा अधिकार वापरणार नाही, अशी जाहीर हमी पाचांनी द्यावी. गुन्हा घडतोय हे ठरवायचं कुणी? फ्रान्सने मार्ग सुचवलाय: किमान ५० देशांनी मागणी करावी आणि सरचिटणीसांनी निर्णय द्यावा. फ्रान्स त्या पाचांतलाच एक आहे, हे लक्षात घ्या. २०२२ पासून नकाराधिकार वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत महासभेत चर्चा होते. चांगलंच आहे, पण हा जाब मागाहूनचा. तोवर माणसं मेलेली असतात.

समोरचे मित्र आता १९७१ काढतील, आणि काढायलाच हवं. त्या डिसेंबरात सोव्हिएत युनियनने तीनदा नकाराधिकार वापरला, म्हणून आपल्या सैन्याला ढाक्यापर्यंत जायला वेळ मिळाला. मला त्याचं मोल कमी करायचं नाही. त्या ठरावांची मुख्य मागणी शस्त्रसंधी आणि सैन्यमाघारीची होती. कत्तल रोखण्यासाठी ते आलेच नव्हते, त्यामुळे आमच्या अटीत तो वापर अडकत नाही.

पण तो डिसेंबर होता. पूर्व पाकिस्तानातली कत्तल सुरू झाली २५ मार्चच्या रात्री. सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली. कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकला लोकांनी सिमेंटच्या मोठ्या नळांत संसार मांडले. पाकिस्तानच्या पाठीशी नकाराधिकार असलेली अमेरिका उभी होती, आणि सुरक्षा परिषदेची या प्रश्नावर पहिली बैठक बसली ४ डिसेंबरला, युद्ध पेटल्यावर. नळांत राहणाऱ्या त्या माणसांसाठी आठ महिने परिषद का बसली नाही, याचं उत्तर समोरच्या मित्रांनी आपल्या भाषणात द्यावं.

धन्यवाद.