लग्नवाल्यांसाठी वेगळं, शेतीवाल्यांसाठी वेगळं: अंबडच्या ड्रोनवाल्यांच्या पोस्टी

लग्नघरच्या मंडळींसाठी

राम राम मंडळी. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं तारखा धडाधड पक्क्या व्हायला लागतात आणि मंग रोज फोन येतो की "दादा ड्रोनचं काय घेता?" भाव खाली सांगतोच, पण त्याच्या आधी ड्रोन लग्नात नेमका कुठं कामाला येतो ते ऐका, कारण अख्खा दिवस ड्रोन वर ठेवून उपयोग नसतो आणि तसे पैसे आम्ही घेतही नाही.

सगळ्यात भारी शॉट कशाचा येतो तर परण्याचा. नवरदेव मारुतीच्या पाराकडं निघालेला, पुढं बँड, मधी पोट्ट्यांचा धिंगाणा, मागं फेटे बांधलेली मामा-काका मंडळी, आणि गावातली ती अरुंद गल्ली माणसांनी गच्च भरलेली. खालच्या कॅमेऱ्याला फक्त पाठी दिसतात हो, वरून अख्खी वरात एका फ्रेममधी येते आणि घरी व्हिडिओ लावला की प्रत्येक जण "हा बघ मी" म्हणून बोट दाखवतो. नवरदेव घोड्यावर असंल तर आधी सांगा. घोड्याच्या डोक्यावर आम्ही ड्रोन आणत नाही, त्याचे कान मागं गेले की समजायचं जनावर बिचकलंय, मंग घोडेवाल्याच्या हातातून लगाम सुटायला किती वेळ लागतो? अशा वेळी ड्रोन लांबून, तिरका चालवतो.

दुसरा शॉट अक्षतांचा. मंगलाष्टका चालू असताना ड्रोन स्टेजजवळ आणायचा नाही, हा आमचा नियम आहे आणि तो कुणासाठी मोडत नाही. पंख्याची घरघर माइकमधी जाते, भटजी वैतागतात, आणि खालच्या वाऱ्यानं अंतरपाट फडफडतो ते वेगळंच. म्हणून तवा आम्ही लांब आणि उंच असतो, "शुभमंगल सावधान" झालं की सगळ्या लॉनवरून अक्षता उडतात तेवढा एकच तुकडा घेतो. दहा-पंधरा सेकंदाचा असतो, पण पाहुण्यांच्या ग्रुपवर हाच जास्त फिरतो.

पंगतीवरून ड्रोन न्या असं बरेच जण म्हणतात. नाही नेणार. खाली वारा मारतो, धूळ उडते आणि सरळ वरणात पडते, मंग जेवणाऱ्या माणसानं आम्हाला शिव्या घातल्या तर त्याचं काय चुकलं? पाठवणीलाही ड्रोन बंद. तिथं आई-बाप रडत असतात, डोक्यावर घुंऽऽ आवाज कुणाला पाहिजे. ते काम खालचा कॅमेरावाला शांतपणे करतो.

मुहूर्ताचं एक बोलतो, कुणी मनाला लावून घेऊ नका. एप्रिल-मे मधी दुपारी साडेबाराचा मुहूर्त असला की आभाळ पांढरं फटक दिसतं, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, आणि पारा चाळीसच्या वर गेला की ड्रोनची बॅटरी, रिमोटची स्क्रीन सगळंच तापतं. मुहूर्त बदला असं आम्ही कोण म्हणणार, ते पंचांग आणि तुमचे गुरुजी बघतील. पण गोरज मुहूर्त निघत असंल तर मात्र सोनं समजा, संध्याकाळच्या उन्हात मांडवाच्या माळा लागल्यावर जे दिसतं ते एडिटिंगनं येत नाही.

भाव: अर्धा दिवस म्हणजे परण्या आणि लग्न, 7,000 रुपये. हळद धरून दोन दिवसाचे 12,000. खालचे फोटो-व्हिडिओ आमच्याकडूनच असतील तर ड्रोनचे 2,000 कमी. चाळीस किलोमीटरच्या पुढं गाडीचं पेट्रोल वेगळं. रुखवताचा व्हिडिओ फुकट काढून देतो, तो आम्हालाच आवडतो.

प्री-वेडिंगवाल्या पोरापोरींसाठी, जरा थांबून वाचा

रोज एक मेसेज येतो, दादा दौलताबादच्या किल्ल्यावर ड्रोन शूट करू, बीबी का मकबऱ्यावर करू, वेरूळला करू. भावांनो ती पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं आहेत, परवानगीशिवाय तिथं ड्रोन उडवता येत नाही. नाथसागराच्या फुगवट्यावर करू म्हणणारेही आहेत, तर जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. कुणी म्हणत असंल "आपली ओळख आहे, करून देतो" तर करून घ्या त्याच्याकडून, पण ड्रोन जप्त झाल्यावर तुमचं शूट मेमरी कार्डासकट गेलं हे लक्षात ठेवा.

संभाजीनगरच्या लॉनवर लग्न असंल तर बुकिंगच्या आधी लॉनचं लोकेशन पाठवा. चिकलठाण्याचं विमानतळ जवळ पडतं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणं हिरव्या झोनमधी 400 फुटापर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 200 फूट, आणि 8 किलोमीटरच्या आत आलं की परवानगीचा विषय येतो. लोकेशन नकाशावर बघून आम्ही त्याच दिवशी हो किंवा नाही सांगतो. ॲडव्हान्स घेऊन लग्नाच्या दिवशी "इथं उडत नाही ओ" म्हणणारे लोक आहेत, आम्ही त्यातले नाही. आमच्या ड्रोनला नोंदणी नंबर आहे, उडवणाऱ्याकडं पायलटचं सर्टिफिकेट आहे, मागा, दाखवतो.

जागा पाहिजे असंल तर आपल्याच भागात बघा ना. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडंची झाडं, मोसंबीचा बहार धरलेला मळा, नांगरून ठेवलेलं काळं रान आणि त्यात लाल साडी. मालकाला विचारून जायचं तेवढं.

शेतकरी दादांसाठी

इथून पुढं लग्नाचं काही नाही, गाणं नाही, स्लो मोशन नाही. शेताचा व्हिडिओ आम्ही वेगळा काढतो आणि वेगळा देतो. सरळ रेषेत, एका उंचीवरून, एका कडंपासून दुसऱ्या कडंपर्यंत, सोबत फोटो. दिसायला कंटाळवाणा असतो. पण तुम्हाला बघायचं असतं ते त्यातच दिसतं.

उदाहरण देतो. गोदाकाठच्या एका उसाच्या प्लॉटवर गेलो, बांधावरून बघितलं तर ऊस झकास, दहा फूट उभा, मालक म्हणाले फक्त कारखान्याला दाखवायला एक व्हिडिओ काढा. ड्रोन वर गेला आणि मधोमध खळं केल्यासारखे तीन मोठे गोल, सगळा ऊस आडवा, रानडुकरांनी आत मुक्काम ठोकलेला. कडंच्या सऱ्या शाबूत म्हणून कुणाला पत्ताच नाही. मालक स्क्रीनकडं बघून आधी गपच बसले, मंग म्हणाले "अजून एक चक्कर मारा त्या कोपऱ्याकून". उभ्या उसात माणूस शिरत नाही, तिथं वरूनच बघावं लागतं.

मोसंबीवाल्यांना तर हे दर वर्षी करावं वाटतं. वीस बाय वीस फुटावर एकरी 108 झाडं बसतात, पण डिंक्यानं, पाणी साचून, वाळवीनं किती मेली हे मालकाला अंदाजानंच माहीत असतं. वरून फोटो काढला की तुटी मोजता येतात, कोणत्या ओळीत पिवळेपणा सरकत चाललाय ते दिसतं. ठिबकची एखादी नळी चोक झाली असली तर कापसात अख्खी ओळ फिकी आणि बुटकी दिसते. सोयाबीनमधी पाणी कुठं तुंबतं ते पावसानं उघडीप दिली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघा, चर कुठून काढायचा ते आपोआप कळतं.

आता आमच्याकडून काय होत नाही तेही सांगतो. आमचा कॅमेरा साधा आहे, डोळ्याला दिसतं तेच त्याला दिसतं. पिवळं पडलंय हे आम्ही दाखवू, पण अन्नद्रव्य कमी आहे का मूळकूज आहे ते सांगायचं काम आमचं नाही, फोटो घेऊन कृषी सहायकाकडं जा नाहीतर परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांना दाखवा. फवारणीचा ड्रोन वेगळा असतो, टाकी लावलेला, तो आमच्याकडं नाही.

आणि बांधाचा वाद. दर आठवड्याला एक जण तरी येतो की "भावकीनं बांध कोरला, वरून काढून द्या, कोर्टात दाखवतो." दादा, हद्द फक्त भूमी अभिलेखच्या मोजणीनं ठरते. आमचा व्हिडिओ म्हणजे मोजणी नव्हे. गावात ड्रोननं मोजणी झाली ना मंग, असं म्हणतात, ती स्वामित्व योजनेतली गावठाणाची होती, घरांची, गट नंबरच्या शेतीची नाही. आम्हाला तुमच्या भावकीत पाडू नका, चहा दोन्हीकडचा प्यायचा असतो.

अतिवृष्टीचं बोलू

2025 च्या सप्टेंबरात गोदाकाठी काय झालं ते आपण सगळ्यांनीच बघितलं. पीक गेलं ते गेलं, माती पण खरवडून गेली. तवा बऱ्याच जणांकडं "आधी शेत कसं होतं" ह्याचा एक फोटो नव्हता. म्हणून म्हणतो, पीक उभं असताना एकदा काढून ठेवा. तारीख-वेळ फाइलमधी राहते, मूळ फाइल तुम्हाला पेनड्राइव्हवर देतो, व्हॉट्सॲपवर पाठवलेली ठेवू नका, त्यात ती माहितीही जाते आणि क्वालिटीही. ह्याच्यावर भरपाई मिळंल असं आम्ही म्हणत नाही, पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकच करणार. पण पंचनाम्याला माणूस आला आणि आत जाता येत नसलं, गुडघाभर गाळ असला, तर दाखवायला हातात काहीतरी असतं. असं नुकसानीचं शूट असंल तर आम्ही फक्त पेट्रोल घेतो.

एरवीचा भाव: पाच एकरापर्यंत 1,500 रुपये, पुढं एकरी 150. शेततळं, शेडनेट, गोठा त्यातच. विकायच्या प्लॉटचा व्हिडिओ असंल तर सातबारा दाखवा, मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याचं रान आम्ही काढत नाही.

दोघांनाही लागू

मध्यंतरी रात्रीचे ड्रोन फिरतात म्हणून गावोगाव लोकं काठ्या घेऊन जागत होती, तवापासून आम्ही कोणत्याही गावात शिरायच्या आधी पोलीस पाटलाला फोन करतो. अंधार पडल्यावर शेतावर उडवतच नाही. लग्नघरच्यांनीही सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला एक शब्द टाकून ठेवावा.

बॅटरीवर कंपनी तीस मिनिटं लिहिते, आपल्याकडच्या वाऱ्यात वीस-बावीस धरा. आम्ही चार बॅटऱ्या आणतो, तुम्ही एक चालू प्लग द्या. शेतावर लाइटच्या वेळा बघून या म्हणायची गरज नाही, गाडीवर चार्ज करतो. उडायला दहा बाय दहा फूट मोकळी जागा लागते, वर तारा नकोत, आणि घारीचं घरटं जवळ असंल तर आधी सांगा, घार सरळ झडप घालते.

लग्नाच्या दाट तारखांना आम्ही शेताचं काम फक्त सकाळी साडेसात ते दहा घेतो, तसंही वारा तवाच कमी असतो. लग्नाचं बुकिंग 3,000 ॲडव्हान्सवर, शेताचं ॲडव्हान्स नाही, काम झाल्यावर द्या. पाऊस लागला तर शेताची तारीख पुढं ढकलू. लग्नात पाऊस लागला तर ड्रोनचे पैसे परत, खालचा कॅमेरा छत्री धरून चालूच राहतो. मेसेज करताना गावाचं नाव आणि लोकेशन टाका, नुसतं "रेट?" लिहिलं की आम्ही पण नुसतं "कशाचा?" लिहितो.