विषय: जन्मदाखल्याचा अनुवाद मूळ कागदालाच बांधावा लागेल का?

नमस्कार वकीलसाहेब,

येत्या गुरुवारी सकाळी 11 वाजता फ्रेंच अनुवादाच्या प्रतिज्ञापत्रावर तुमच्यासमोर सही करायला मी येते आहे. त्याआधी एक गोष्ट विचारून घेते, म्हणजे ऐनवेळी कागदांची उचकाउचक नको. अनुवाद मूळ दाखल्यालाच बांधावा लागेल, की दाखल्याच्या प्रमाणित प्रतीला जोडला तर तुम्हाला चालेल?

दाखला मराठी आहे, एकच पान पण पाठपोट. मागच्या बाजूला वडिलांच्या नावातल्या दुरुस्तीची नोंद आहे आणि तिच्याखाली वेगळी सही व शिक्का. त्याला अपोस्टीलचा कागद जोडलेला आहे. अनुवादाची तीन पानं झाली आहेत, दुरुस्तीची नोंद, शिक्क्यांतला मजकूर आणि अपोस्टील सगळं धरून. चौथ्या पानावर माझं प्रतिज्ञापत्र.

अडचण कागदाच्या अवस्थेची आहे. डाव्या समासात जुन्या टाचण्यांची भोकं आहेत, कोपरा विरलाय आणि नोंदणी क्रमांक अगदी कडेला चिकटून छापलाय. तिथे पंच मारला की पहिले दोन आकडे गेलेच म्हणून समजा. शिवाय ज्यांचा दाखला आहे त्या बाईंना हाच कागद पुढे पोर्तुगीज अनुवादासाठीही लागणार आहे. आत्ता फ्रेंच अनुवादाबरोबर बांधून शिक्का मारला तर पुढच्या वेळी एक तर गठ्ठा सोडवावा लागेल किंवा नवा दाखला काढून त्याचं अपोस्टील पुन्हा करून घ्यावं लागेल. सोडवलेल्या गठ्ठ्याचं काय होतं ते पाहिलंय: एका कार्यालयात स्कॅनिंगसाठी पिना काढल्या आणि नंतर त्याच कार्यालयाने कागद सुटे आहेत म्हणून परत पाठवले!

म्हणून मला असं करावंसं वाटतं. दाखल्याच्या दोन्ही बाजूंची आणि अपोस्टीलची झेरॉक्स घ्यायची. तुम्ही ती मुळाशी ताडून प्रमाणित करायची. त्यामागे अनुवाद आणि शेवटी प्रतिज्ञापत्र. सगळ्या पानांवर ‘7 पैकी 1’, ‘7 पैकी 2’ असे सलग क्रमांक, कोपऱ्यातून दोरा, आणि तुमचा शिक्का अर्धा या पानावर, अर्धा त्या पानावर असा जोडावर. बांधायचं ते अनुवादाखालचा कागद कुणी बदलू नये म्हणून, आणि तेवढं काम प्रमाणित प्रतीनेही होतं असं माझं मत. मूळ दाखला बाई स्वतः सोबत नेऊन खिडकीवर दाखवतील.

पण तुमची पद्धत वेगळी असेल तर मला हट्ट नाही. तुमच्या शिक्क्यासाठी मूळ कागद गठ्ठ्यात असणं आवश्यकच असेल तर भोक न पाडता बांधता येईल का? वरचा कोपरा दुमडून चिकटवायचा आणि घडीवर शिक्का मारायचा, असं काही ठिकाणी करतात. फक्त अपोस्टीलचा कागद दाखल्यापासून सुटा करायला लागू नये. 1961 च्या हेग करारानुसार अपोस्टील मूळ कागदावर किंवा त्याला जोडलेल्या पुरवणीवरच असावं लागतं. ते निघालं तर दाखला तिकडे निरुपयोगी.

जिथे कागद द्यायचे आहेत त्या विवाह नोंदणी कार्यालयाच्या सूचनापत्रात ‘दाखला व प्रमाणित अनुवाद सादर करावा’ एवढंच आहे, बांधणीबद्दल अवाक्षर नाही. त्यांना मी वेगळं विचारलंय, उत्तर आलं की लगेच तुम्हाला पाठवते. त्यांनी एकत्र बांधूनच मागितलं तर प्रश्नच मिटला, मग बाईंना नवा दाखला काढायला सांगेन आणि आपण तारीख पुढे ढकलू.

आणखी एक. दाखल्यावरचं अपोस्टील निबंधकांच्या सही-शिक्क्यापुरतं आहे, अनुवादाशी त्याचा संबंध नाही. उद्या तुमच्या सहीवरही अपोस्टील मागितलं गेलं तर ते तुम्ही बांधलेल्या गठ्ठ्यावर येईल. आत मूळ दाखला असला तर एकाच गठ्ठ्यात दोन अपोस्टील होतील, आणि कुठलं कशासाठी हे खिडकीवरच्या माणसाला समजावत बसावं लागेल. प्रत जोडली तर आतलं अपोस्टील झेरॉक्समध्ये राहील, घोळ कमी.

प्रतिज्ञापत्रात मी अनुवाद अचूक व पूर्ण असल्याचं माझ्या जबाबदारीवर लिहिलं आहे. तुम्ही फक्त माझी सही साक्षांकित करणार, अनुवादाच्या अचूकतेबद्दल काही म्हणणार नाही, असं मी धरून चालले आहे. मसुद्यात तसं नीट उतरलंय का, तेवढं पाहाल का?

सोबत दाखल्याच्या दोन्ही बाजूंचं स्कॅन, अनुवाद आणि मसुदा जोडला आहे. मंगळवार संध्याकाळपर्यंत कळवलंत तर बुधवारी प्रिंट काढून क्रमांक घालून ठेवते. मूळ दाखला आणि माझं ओळखपत्र गुरुवारी आणतेच. झेरॉक्स तुमच्या समोरच काढायची असेल तर तेही सांगा, आणि प्रत प्रमाणित करण्याची फी वेगळी असेल तर तीसुद्धा.

आपली,
सुमेधा
मराठी–फ्रेंच अनुवादक